किल्ली, कडी आणि चार 'वाटलं'

*बाबा गेल्यानंतरच्या वर्षावर मी लेख लिहिते आहे, सगळा 'मी'च्या तोंडून. एका मैत्रिणीने वाचला आणि पेन्सिलने मोजून दाखवलं: चार पानांत 'वाटलं' २३ वेळा, 'जाणवलं' आणि 'लक्षात आलं' मिळून ११, 'अचानक' ८. मी एका बैठकीत सगळे काढून टाकले. आता लेख पंचनाम्यासारखा कोरडा झालाय. शब्द परत घातले की रडगाणं होतं. घर विकल्यावर किल्ल्या द्यायच्या दिवशीचा मूळ परिच्छेद पाठवते. यातलं काय काढू आणि काय ठेवू?*

*"ताईने किल्ली टेबलावर ठेवली. मला अचानक खूप एकटं वाटलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही हे मला जाणवलं. 'तुझीही दे,' ती म्हणाली. मला वाटलं होतं की एक किल्ली तरी माझ्याकडे राहील. माझ्या लक्षात आलं की आता या घरात मला कधीच येता येणार नाही. अचानक माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिच्याबद्दल वाईटही वाटलं. आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. मी पर्समधून किल्ली काढली आणि तिला दिली."*

*– दोन्हीकडून अडकलेली*

पंचनामा होणारच होता. 'मला खूप एकटं वाटलं' या वाक्यातून एकटेपणा पोचत नसेल, पण एक काम ते चोख करतं. ते वाचणाऱ्याला क्षणभर थांबवतं. ताईने किल्ली ठेवली आणि ती 'तुझीही दे' म्हणाली, या दोहोंच्या मधे थोडा वेळ गेला, एवढं त्यातून कळतं. तुम्ही शब्द काढलेत तेव्हा त्यांच्याबरोबर तो वेळही गेला. उरल्या त्या नुसत्या हालचाली, एकीला लागून दुसरी. ठेवली, म्हणाली, काढली, दिली. म्हणजे नुसतं शब्द उडवून भागणार नाही. तो शब्द तिथे काय धरून ठेवत होता, हे दर वेळी बघायला लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण ४२ शब्दांचंच आहे, एका दुपारचं.

आधी एक गोष्ट कानाने तपासा. परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्याने वाचा. ठेवली, वाटलं, जाणवलं, म्हणाली, राहील, नाही, आलं, वाटलं, वाटलं, दिली. दहा वाक्यांपैकी चार 'वाटलं-जाणवलं'वर येऊन बसली आहेत. इंग्रजी लेखनवर्गांत अशा शब्दांना 'फिल्टर वर्ड्स' म्हणतात आणि ते पुसून टाका असं सांगतात. तो सल्ला मराठीत आणताना एक फरक विसरला जातो. इंग्रजीत हा शब्द वाक्याच्या दारात उभा असतो, वाचणारा त्याला ओलांडून आत जातो. आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि मराठी वाक्याचा सगळा भार शेवटीच पडतो. 'घर माझ्याकडे पाठ करून बसलंय असं मला वाटलं' हे वाक्य घ्या. 'बसलंय'पाशी चित्र पुरं झालं होतं. मग मागून 'असं मला वाटलं' आलं आणि जाता जाता दिवा मालवून गेलं. म्हणून मी संपादनाला बसलो की आधी ही शेपटं बघतो. वाक्याच्या सुरुवातीला आलेलं 'मला वाटलं' तितकं नुकसान करत नाही, त्याच्याकडे नंतर बघितलं तरी चालतं.

आता तुमचे चार 'वाटलं' घेऊ. त्यातलं एक आधीच बाजूला काढून ठेवतो, कारण त्याला हात लावायचा नाही. 'मला वाटलं होतं की एक किल्ली तरी माझ्याकडे राहील.' मराठीत भूतकाळातलं 'मला वाटलं' पुष्कळदा चुकलेला अंदाज सांगतं. 'मला वाटलं तू झोपलीस' असं आपण जागं असलेल्या माणसालाच म्हणतो. तो अंदाज चुकला हे वेगळं सांगावं लागत नाही, ते क्रियापदातच आहे. तुमच्या वाक्यातून हा शब्द काढून बघा: 'एक किल्ली तरी माझ्याकडे राहील.' अर्थ उलटा झाला. आशा मोडली होती, ती परत जिवंत झाली. तुम्ही एका बैठकीत सगळे शब्द काढलेत तेव्हा याचाही बळी गेला असणार, आणि परिच्छेद कोरडा होण्यात याचा वाटा मोठा आहे. शिवाय त्या वाक्यातलं 'तरी' पाहा. घर गेलं हे जिने मान्य केलंय, जिची मागणी आता एका किल्लीवर आली आहे, अशी बाई त्या दोन अक्षरांत उभी राहते. फक्त 'की' काढून तिथे स्वल्पविराम द्या, वाक्य बोलल्यासारखं होईल.

'हे मला जाणवलं' हे मात्र शुद्ध शेपूट आहे. 'तिने माझ्याकडे बघितलंही नाही.' इथे वाक्य संपलंच आहे. दुखावलेपण 'ही'मध्ये आहे. 'बघितलं नाही' ही नोंद झाली, 'बघितलंही नाही' ही तक्रार झाली, आणि तक्रार म्हटली की तक्रार करणारी आलीच. तिला परत 'मला' म्हणून हजर करायची गरज नाही. च, ही, तर, तरी, ना हे आपले छोटे शब्द 'मी'ची मनःस्थिती सांगायला फार उपयोगी पडतात, आणि पानावर जागाही खात नाहीत. लेखात जिथे जिथे शेपूट कापाल तिथे उरलेल्या वाक्यात असा एखादा शब्द आहे का ते बघा. बऱ्याचदा तो आधीपासूनच असतो आणि शेपटामुळे ऐकू येत नसतो.

'माझ्या लक्षात आलं' जरा अवघड आहे. इथे थांबायला हवं.

या शब्दासमोर मी एक प्रश्न विचारतो: त्या क्षणी ही खरंच नवी बातमी होती का? घर विकलं आहे. कागदांवर सह्या झाल्या असतील, त्याआधी महिनोन्महिने फोन झाले असतील. या घरात परत येता येणार नाही हे तुम्हाला त्या टेबलापाशी कळलं, असं नाही. ते ठाऊकच होतं. मग 'लक्षात आलं' हे खोटं आहे. तुम्ही मुद्दाम खोटं लिहिलं नाही, पण भावनेच्या लेखनात हा शब्द सवयीने येतो आणि माहीत असलेली गोष्ट शोध लागल्यासारखी सांगतो. वाचणारा हुशार असतो. 'हे तुला आत्ता कळलं?' असं त्याच्या मनात येतं आणि तिथून तो तुमच्यापासून अर्धं पाऊल लांब जातो. त्या क्षणी नवीन काही घडलं असेल तर ते माहितीच्या रूपात घडलेलं नाही. ते काय होतं, तिकडे मी खाली येतो.

खरोखरच काही उमगलं असेल, तर ते ठेवायचं, पण 'लक्षात आलं की' काढताना काळ सांभाळायला लागतो. मराठीत 'की'नंतरचं वाक्य त्या क्षणाच्या काळातच राहतं. 'माझ्या लक्षात आलं की ताई दमली आहे.' सुरुवातीचा भाग कापलात की उरतं 'ताई दमली आहे', आणि भूतकाळात चाललेल्या गोष्टीत हे वर्तमानकाळी वाक्य खड्यासारखं लागतं. मग दोन वाटा उरतात. 'ताई दमली होती' असं केलंत तर आज बसून सांगणारी 'मी' बोलते आहे. 'दमलीय ही' असं केलंत तर टेबलापाशी उभी असलेली 'मी' मनातल्या मनात बोलते आहे. दोन्ही चालतात. पण एका परिच्छेदात सारखी अदलाबदल झाली की वाचणारा गोंधळतो. तुम्ही शब्द काढल्यावर कुठे कुठे वाक्यं उखडल्यासारखी दिसत असतील तर तिथे बहुधा हेच झालंय. त्या जागा शोधून काळ नीट करा.

शिवाय उमगणं सांगायला आपल्या क्रियापदांत सोय आहेच. 'ती रडून आली आहे हे माझ्या लक्षात आलं' याऐवजी 'ती रडून आली असणार'. त्या 'असणार'मध्ये बघणं, अंदाज बांधणं आणि खात्री करून घेणं, तिन्ही आलं. 'गेली असावी' हे त्याहून थोडं साशंक. 'गेली की काय!' म्हटलं की पोटात गोळा. मराठी बोलणारा माणूस उमगल्याचं असंच सांगतो. लिहायला बसला की त्याला 'माझ्या लक्षात आलं' सुचतं, हे शाळेतल्या निबंधांचं देणं असावं, असा माझा एक जुना संशय आहे.

'अचानक'बद्दल आधी माझी फजिती सांगतो. पूर्वी एका लेखावर मला शेरा मिळाला होता, 'अचानक फार'. मी संगणकावर शोधा-बदला करून सगळीकडे 'एकाएकी' टाकलं आणि लेख परत पाठवला. एका ठिकाणी 'अचानकपणे' होतं, त्याचं 'एकाएकीपणे' झालं. संपादकांनी त्याला गोल करून शेजारी नुसतं एक उद्गारचिन्ह काढलं होतं. सांगायचं एवढंच की एकदम, एकाएकी, तेवढ्यात, इतक्यात या त्याच माणसाने घातलेल्या वेगवेगळ्या टोप्या आहेत. मोजताना मैत्रिणीने हे धरले नसतील तर तुम्ही धरा, आठाचा आकडा वाढेल.

'अचानक' दिसला की मी त्याच्या आधीचं वाक्य वाचतो, त्याचं स्वतःचं नाही. दोष बहुतेक वेळा क्रमात असतो. तुमचंच बघा. ताई स्वतःची किल्ली ठेवते, लगेच 'मला अचानक खूप एकटं वाटलं', आणि त्यानंतर दोन वाक्यांनी ती 'तुझीही दे' म्हणते. पण एकटं वाटायला लावणारी गोष्ट कुठली? तिने आपली किल्ली ठेवली ही, की तिने तुमची मागितली ही? मला तरी दुसरी वाटते. म्हणजे परिणाम आधी आला आणि कारण नंतर. वाचणाऱ्याला कारण मिळालेलं नाही, म्हणून तुम्हाला 'अचानक' घालून त्याला ढकलावं लागलं. 'तुझीही दे' वर घ्या. ते दोन शब्द येईपर्यंत वाचणारा निवांत आहे, ते आले की त्यालाही धक्का बसतो. धक्का बसल्यावर 'धक्का' हा शब्द लागत नाही.

'अचानक' काढून मराठी ढंगाने तीच गोष्ट सांगायची असेल तर 'बघते तर' आहे. 'दार उघडून बघते तर खोली रिकामी.' यात अपेक्षा, ती मोडणं आणि धक्का तिन्ही आहे, क्रियापदसुद्धा गाळलेलं आहे. पण हा ढंग गोष्ट रंगवून सांगणाऱ्याचा आहे. चार पानांच्या दुःखाच्या लेखात तो एकदा शोभतो, दुसऱ्यांदा आला की लेख किस्सा होतो. 'अचानक' जिथे निमूटपणे राहू द्यावा अशी जागाही असते. काही महिने दोन ओळींत सांगून पुढे जाताय, 'मार्चमध्ये त्यांनी अचानक फिरायला जाणं बंद केलं', तिथे तो बरोबर आहे. ते तुम्ही डोळ्यांपुढे घडताना दाखवत नाही आहात, कळवताय.

राहिले तीन 'वाटलं': एकटं, वाईट आणि तुटल्यासारखं. हे खरे कामाचे.

'आतून काहीतरी तुटल्यासारखं वाटलं' हे मी विचार न करता उडवेन. 'काहीतरी' म्हणजे काय ते माहीत नाही, 'सारखं' म्हणजे तुटलंही नाही, आणि 'वाटलं' म्हणजे त्याचीही खात्री नाही. तीन पडदे आहेत आणि मागे कुणी नाही. तुमच्या दुसऱ्या खर्ड्यात हे नसेल तर काही बिघडलेलं नाही.

'एकटं वाटलं' काढून त्या जागी काय घालायचं, इथे बहुतेक जण एक चूक करतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. 'भीती वाटली' लिहू नका असं कुणी सांगितलं की ते शरीर लिहायला घेतात. छातीत धडधडलं, घशाला कोरड पडली, हातपाय गार पडले, डोळ्यांत टचकन पाणी आलं, काळजात चर्र झालं. ही वाक्यं 'वाटलं'इतकीच वापरून गुळगुळीत झालेली आहेत. आणि ती कुणाच्याही छातीला, कुणाच्याही घशाला लागू पडतात. तुमच्या ताईचा, त्या टेबलाचा, त्या किल्लीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. शरीरात शोधण्यापेक्षा समोर शोधा. ते 'वाटलं' लिहायच्या आधीच्या क्षणी तुमचे डोळे कशावर होते?

'वाईट वाटलं'ला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. मराठीत 'वाईट वाटणं' फार मोठं पोतं आहे. दया, दुखावलं जाणं, पश्चात्ताप, हळहळ, सगळं त्यात भरता येतं. तुम्ही 'तिच्याबद्दल वाईट वाटलं' असं लिहिलंय, 'तिचं वाईट वाटलं' असं नाही. म्हणजे ही माया आहे, रुसवा नाही. राग आणि त्याच वेळी माया. परिच्छेदातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे आणि ती तुम्ही एका वाक्यात नावं देऊन संपवून टाकली आहे. राग कशाचा ते कळतं, तिने बघितलं नाही, मागून घेतलं. माया कशामुळे आली? परिच्छेदात त्याचं कारण कुठेच नाही. ते तुम्ही बघितलं असणार, नाहीतर तुम्ही ते वाक्य लिहिलंच नसतं.

मला वाटतं ते शेवटच्या वाक्यात दडलंय. 'मी पर्समधून किल्ली काढली आणि तिला दिली.' हे वाक्य वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. परिच्छेदभर तुम्ही भावनांची नावं सांगितलीत आणि जिथे भावना प्रत्यक्ष हाताला लागणार होती तिथून धावत निघालात. ती किल्ली पर्समध्ये सुटी होती का? वर्षानुवर्षं वापरलेली घराची किल्ली सहसा जुडग्यात असते. जुडग्याची कडी दुपदरी असते. तिच्यातून एक किल्ली काढायची तर पदरांमध्ये नख घालून ते फाकवावे लागतात, मग किल्ली पूर्ण वळसा घालून बाहेर सरकवावी लागते. याला वेळ लागतो. समोर मागणारं माणूस उभं असेल तर फार वेळ लागतो. तुम्ही शब्द काढताना जो वेळ हरवला असं मी सुरुवातीला म्हणालो, तो इथे सापडतो.

मी एक नमुना करून दाखवतो. यातला तपशील माझा आहे, तुमचा नाही. तसाच उचललात तर तो खोटा पडेल. तुमच्या टेबलापाशी काय घडलं ते तुम्हालाच आठवायचं आहे.

"ताईने किल्ली टेबलावर ठेवली.

'तुझीही दे,' ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मला वाटलं होतं, एक किल्ली तरी माझ्याकडे राहील.

माझी जुडग्यात होती, ऑफिसच्या दोन किल्ल्यांच्या मधे. कडीत नख घातलं, निसटलं. परत घातलं. ताई उभीच.

'मी काढू?'

'नको.'

टेबलावर तिची किल्ली सुटी पडली होती. ना कडी, ना जुडगा. घरून निघायच्या आधीच काढून ठेवली असणार तिने. एकटीने, बसून.

मी किल्ली कडीवरून पुढे सरकवत राहिले. सावकाश."

आता हिशेब बघा. 'अचानक' दोन्ही गेले, कारण क्रम बदलला. 'जाणवलं' शेपूट म्हणून गेलं. 'एकटं वाटलं', 'लक्षात आलं' आणि 'तुटल्यासारखं' ही तीन वाक्यं सबंधच गेली. एक 'वाटलं होतं' जिथल्या तिथे आहे. आणि 'वाईट वाटलं' एकच असं आहे की त्याच्या जागी नवा मजकूर लिहावा लागला. राग 'नको'मध्ये आहे. माया त्या सुट्या किल्लीत आहे: ताईलाही तिच्या घरी कधीतरी तेच करावं लागलं होतं, नख घालून, आणि तिच्यासमोर तर कुणी नव्हतं. तुम्हाला त्या क्षणी जे नवीन कळलं ते बहुधा असलं काही होतं. घर गेलं हे नव्हे. ते 'असणार'वर सोडलंय, 'माझ्या लक्षात आलं' म्हटलेलं नाही. डोळ्यांतलं पाणी मी घातलं नाही. नख का निसटलं याचं कारण वाचणाऱ्याला हवं तर तो ठरवेल. तुम्हाला घालायचंच असेल तर 'माझ्या डोळ्यांत पाणी आलं' एवढं साधं घाला, टचकन नको.

पण हाच प्रयोग ४२ जागी करू नका. प्रत्येक 'वाटलं'चा प्रसंग झाला तर चार पानांची बारा होतील आणि सगळंच सारख्या जोराने बोलायला लागेल. लेखात तीन किंवा चार जागा अशा असतील की तिथे लेखाचं वजन आहे. किल्लीची ही एक. तिथे जुडगं उघडा. बाकीच्या ठिकाणी शेपूट कापा आणि पुढे चला, किंवा वाक्यच काढा.

जास्त कापलंय हे ओळखायची माझी एक रीत आहे. ज्याने आधीचा खर्डा वाचलेला नाही अशा माणसाला परिच्छेद द्या (मोजणारी मैत्रीण नको, तिला आता शब्दच दिसतील) आणि एकच विचारा: या ठिकाणी 'मी'ला काय हवं होतं? त्याला सांगता आलं नाही तर तुम्ही कणाच काढून टाकलाय. तेव्हा एखादं सपाट वाक्य परत ठेवा, 'मला वाईट वाटलं' एवढंच, विशेषण नाही, उपमा नाही. ते त्या प्रसंगाच्या नंतर ठेवा, आधी नको. सगळं दिसून झाल्यावर आलेलं असं वाक्य खूप काही करून जातं. माणूस बधिर झालेला असतो तेव्हाही तो असंच बोलतो. आणि 'हे मला दोन वर्षांनी कळलं' अशा प्रकारची वाक्यं लेखात असतील तर त्यांना धक्का लावू नका. तिथे उशिरा कळणं हीच घडलेली गोष्ट आहे.

संगणकावर शोधताना 'वाट' शोधू नका. वाटेत, वाटा, वाट बघत होते, सगळं वर येतं आणि डोळे दमतात. वाटलं, वाटले, वाटली, वाटत, वाटायचं असे एकेक रूप घेऊन शोधा. त्यात बोनस म्हणून हेही दिसेल की तुम्ही काही पानांवर 'वाटले' आणि काही पानांवर 'वाटलं' लिहिलंय. पत्रात 'वाटलं' आहे, लेखाच्या जुन्या भागात 'वाटले' असण्याची शक्यता आहे. ज्या पानांवर 'ले' आहे ती पानं बाबा गेल्यानंतर लगेच लिहिलेली आहेत का, बघा. तसं असेल तर ती पानं शेवटी हाताळा आणि त्यांना थोडं कमी कापा.

माझ्या अंदाजाने चार पानांत सहा-सात 'वाटलं' राहतील, त्यातले निम्मे चुकलेल्या अंदाजाचे. 'अचानक' एखादा राहील. पुढचा खर्डा पाठवलात तर शब्द मोजून पाठवू नका, ताईने 'मी काढू?' विचारलं होतं की नाही ते कळवा.